छायाचित्रांतील प्रकरणावरून पारिभाषिक शब्दसूची: मृदा यांत्रिकीचे एक उदाहरण

स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याला मृदा यांत्रिकीच्या सुरुवातीच्या प्रकरणात एकदम पंचवीस-तीस नवे शब्द भेटतात, आणि त्यांतील बरेचसे एकमेकांच्या इतके जवळचे असतात की वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण गणित सोडवताना गोंधळ होतो. व्हॉइड रेशो आणि पोरॉसिटी, बल्क डेन्सिटी आणि ड्राय डेन्सिटी, लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट या जोड्या त्यातल्याच. चांगले पुस्तक अनेकदा ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असते आणि घरी नेता येत नाही, म्हणून विद्यार्थी प्रकरणाची छायाचित्रे काढून आणतात. त्या छायाचित्रांवरून प्रत्येक शब्दाची छोटी आणि अचूक व्याख्या असलेली सूची कशी करावी, हे मातीच्या मूलभूत गुणधर्मांच्या प्रकरणाचे उदाहरण घेऊन येथे सांगत आहे. संगणक नसेल तरी वही आणि पेन घेऊन हीच पद्धत वापरता येते. फक्त मजकूर शोधण्याचे काम डोळ्यांनी करावे लागते.

छायाचित्रे

सूचीतल्या पुष्कळ चुकांचे मूळ छायाचित्रात असते. पुस्तक खिडकीजवळ ठेवावे, उजेड बाजूने पडावा आणि फ्लॅश बंद ठेवावा, कारण गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि त्याखालची अक्षरे नाहीशी होतात. फोन पानाला समांतर धरावा आणि एका वेळी एकच पान घ्यावे. दोन पाने एकत्र घेतली तर शिवणीजवळ कागद वळतो, तेथील ओळी वाकतात आणि नेमक्या त्याच भागातली चिन्हे चुकीची वाचली जातात. कागद पातळ असेल आणि मागच्या पानाची छपाई पुढे दिसत असेल, तर पानामागे काळा कागद सरकवावा.

छापील मजकूर यंत्राने नीट वाचावा यासाठी साधारण ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, एवढी स्पष्टता पुरेशी मानली जाते. बारा मेगापिक्सेलच्या फोनने चोवीस सेंटिमीटर उंचीचे पान पूर्ण चौकट भरून घेतले तर चारशेहून अधिक डीपीआय मिळतात, म्हणजे फोन महागडा असण्याची गरज नाही. हीच छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवली तर मात्र ती आकुंचित होतात आणि लहान अक्षरातील पादचिन्हे पुसट होतात. म्हणून पाठवायचीच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत.

ग्रंथालयातून उठण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्र मोठे करून पाहावे. पूर्ण पान पाहण्याची गरज नाही. पानावरचे सर्वांत लहान सूत्र शोधावे आणि त्यातील पादचिन्ह, म्हणजे अक्षराखाली लिहिलेले बारीक अक्षर, ओळखता येते का तेवढे पाहावे. ते वाचता येत असेल तर बाकीचे पान वाचता येतेच. त्यानंतर प्रत्येक फाइलला छापील पृष्ठक्रमांकाचे नाव द्यावे. पृष्ठ १२ ची फाइल `p012` आणि पृष्ठ १३ ची `p013`, असे. फोनने दिलेला क्रमांक तसाच ठेवला तर महिन्याभराने कोणती व्याख्या कोणत्या पानावरची हे कळत नाही, आणि मग सूची तपासताच येत नाही.

मजकूर काढणे आणि त्याच्यावर किती विसंबावे

छायाचित्रातील अक्षरांचे संगणकीय मजकुरात रूपांतर करण्याला ओसीआर म्हणतात. एक-दोन पानांसाठी फोनवरील गूगल लेन्स पुरेसे आहे. पूर्ण प्रकरणासाठी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर सोयीचे पडते, कारण ते इंटरनेटशिवाय चालते आणि प्रत्येक पानाची स्वतंत्र मजकूर-फाइल देते. आधी इमेजमॅजिक या मुक्त सॉफ्टवेअरने छायाचित्र सरळ आणि करडे करून घ्यावे, मग टेसरॅक्टला द्यावे:

```
magick IMG_2041.jpg -auto-orient -colorspace Gray p012.png
tesseract p012.png p012 -l eng
```

दुसऱ्या ओळीनंतर `p012.txt` ही फाइल तयार होते. पहिल्या ओळीतील `-auto-orient` टाळू नये. फोन पुष्कळदा छायाचित्र आडवेच साठवतो आणि ‘उभे दाखवा’ अशी सूचना सोबत ठेवतो. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ती सूचना पाळली नाही, तर त्याच्या पुढे आडवे पान येते आणि निरर्थक अक्षरांचा ढीग हाती लागतो.

आता या मजकुराकडे पाहण्याची दृष्टी ठरवून घ्यावी. वाक्ये बहुतेक बरोबर येतात, सूत्रे बहुतेक चुकीची येतात. इंग्रजीसाठी चालवलेले टेसरॅक्ट ग्रीक अक्षरे ओळखत नाही, त्यामुळे युनिट वेटचे चिन्ह `γ` हे `y` होते, डेन्सिटीचे `ρ` हे `p` होते आणि मायक्रॉनमधील `µ` हे `u` होते. अपूर्णांकातील अंश एका ओळीत आणि छेद पुढच्या ओळीत जातो. पादचिन्ह वर सरकून मुख्य अक्षराशेजारी बसते. दशांशचिन्ह कधी गळते, आणि चिकणमातीच्या कणांची ०.००२ मिलिमीटर ही मर्यादा मजकुरात भलतीच होऊन बसते. या चुका एकेक करून दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे. मजकूर-फाइलचा उपयोग शब्द शोधण्यापुरता करावा, आणि चिन्ह, सूत्र व आकडा या तीन गोष्टी नेहमी छायाचित्राकडे पाहून हाताने लिहाव्यात. चिन्ह ओसीआरमधून उचलून सूचीत टाकणे ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि ती सहज लक्षात येत नाही, कारण `y` आणि `p` हीसुद्धा खरीच अक्षरे असतात.

शब्द निवडणे

इंग्रजी पाठ्यपुस्तके व्याख्या देताना ठरावीक वाक्यरचना वापरतात. त्या रचना सर्व फाइलींत एकदम शोधता येतात:

```
grep -n -i -E "defined as|called|known as|ratio of" p*.txt
```

या आदेशाने पानाच्या नावासह ओळी मिळतात आणि प्राथमिक यादी काही मिनिटांत तयार होते. मात्र तेथेच थांबू नये. शोधायचा शब्दसमूह दोन ओळींत तुटला असेल, म्हणजे `defined` ओळीच्या शेवटी आणि `as` पुढच्या ओळीच्या आरंभी असेल, तर ती व्याख्या सापडत नाही. शिवाय कित्येक शब्दांची व्याख्या वाक्यात नसतेच. ती आकृतीत असते. या प्रकरणात हमखास येणारी ‘थ्री-फेज डायग्राम’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मातीच्या नमुन्याचे खाली घन कण, मध्ये पाणी आणि वर हवा असे तीन थर कल्पून काढलेल्या त्या चौकटीच्या एका बाजूला आकारमानांची आणि दुसऱ्या बाजूला वजनांची नावे लिहिलेली असतात, आणि पुढची सारी सूत्रे त्या नावांवर उभी असतात. म्हणून यंत्राने दिलेली यादी हाती आल्यावर सर्व छायाचित्रे क्रमाने एकदा पाहावीत आणि ठळक अक्षरांतील शब्द, आकृतीतील नावे व सूत्राखालच्या ‘येथे अमुक म्हणजे तमुक’ अशा ओळी यादीत मिळवाव्यात.

यादीतून काय वगळायचे हेही ठरवावे लागते. प्रकरणात फक्त एकदा आलेला आणि पुढे कोठेही न लागणारा शब्द सोडून द्यावा. एकाच गोष्टीची दोन नावे असतील, जसे वॉटर कंटेंट आणि मॉइश्चर कंटेंट, तर एकाच नावाखाली व्याख्या लिहावी आणि दुसऱ्या नावापुढे ‘वॉटर कंटेंट पाहा’ एवढेच लिहावे. दोन ठिकाणी दोन व्याख्या लिहिल्या की त्या थोड्या वेगळ्या होतात, आणि वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटू लागतात.

व्याख्या लिहिणे

पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उतरवू नये. पुस्तकातील वाक्य आजूबाजूच्या परिच्छेदाच्या आधाराने उभे असते. ते एकटे उचलले की त्यातील ‘हे गुणोत्तर’ किंवा ‘वरील नमुना’ यांचा संदर्भ तुटतो. आपल्या शब्दांत लिहिताना आधी दोन-तीन आधारशब्द पक्के करावेत आणि सर्व व्याख्यांत तेच वापरावेत. या प्रकरणासाठी मी ‘घन कण’, ‘पोकळी’ आणि ‘एकूण नमुना’ हे तीन शब्द घेतो. एका व्याख्येत पोकळी, दुसरीत रिक्त जागा आणि तिसरीत छिद्र असे लिहिले तर भाषा सुंदर वाटेल, पण सूची निकामी होईल.

संज्ञेचा मराठी प्रतिशब्द द्यायचा असेल तर तो स्वतः घडवू नये. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने वेगवेगळ्या विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत आणि ते इंटरनेटवर पाहता येतात. तेथील शब्द घ्यावा. मूळ इंग्रजी संज्ञा मात्र पहिल्या रकान्यात राहू द्यावी, कारण प्रयोगशाळेतील अहवालात आणि भारतीय मानकांत तीच भेटणार आहे.

या विषयातील बहुतेक संज्ञा गुणोत्तरे आहेत, आणि गुणोत्तराच्या व्याख्येत एकच गोष्ट निर्णायक असते: कशाला कशाने भागायचे. व्हॉइड रेशो म्हणजे पोकळ्यांच्या आकारमानाचे घन कणांच्या आकारमानाशी गुणोत्तर. पोरॉसिटी म्हणजे त्याच पोकळ्यांच्या आकारमानाचे एकूण नमुन्याच्या आकारमानाशी गुणोत्तर. ‘मातीत किती पोकळी आहे याचे माप’ अशी व्याख्या दोन्हींना सारखीच लागू पडते, म्हणून ती कोणाचीच व्याख्या नव्हे. व्याख्या लिहून झाली की ती शेजारच्या संज्ञेवर लावून पाहावी. तेथेही ती बसत असेल तर छेद सांगायचा राहिला आहे असे समजावे.

काही संज्ञांची व्याख्या मात्र चाचणीतूनच होते, आणि तेथे संक्षेपाच्या मोहात चाचणीची अट गाळू नये. लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट या मातीच्या सीमांची कल्पना स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडली आणि लिक्विड लिमिट मोजण्याचे उपकरण पुढे आर्थर कॅसाग्रांडे यांनी प्रमाणित केले. ‘ज्या वॉटर कंटेंटला माती द्रव होते’ ही व्याख्या ऐकायला सोपी आहे, परंतु माती एका क्षणी द्रव होत नाही. ती हळूहळू मऊ होत जाते. म्हणून व्याख्या अशी लिहावी लागते: उपकरणाच्या वाटीतील मातीत पाडलेली खाच ज्या वॉटर कंटेंटला २५ ठोक्यांत १२ मिलिमीटर लांबीवर मिटते, तो वॉटर कंटेंट म्हणजे लिक्विड लिमिट. प्लॅस्टिक लिमिटच्या व्याख्येत त्याच प्रकारे ३ मिलिमीटर जाडीची वळी येते: हातांनी वळलेली मातीची वळी नेमकी त्या जाडीला येताना तुटू लागते तो वॉटर कंटेंट. हे आकडे सूचीत असले तरच ती व्याख्या प्रयोगशाळेत उपयोगी पडते.

सूची साध्या तक्त्यात ठेवावी. माझ्या फाइलीतल्या तीन ओळी अशा दिसतात:

```
no,term,symbol,definition,formula,page
2,void ratio,e,पोकळ्यांच्या आकारमानाचे घन कणांच्या आकारमानाशी गुणोत्तर,Vv/Vs,12
3,porosity,n,पोकळ्यांच्या आकारमानाचे एकूण नमुन्याच्या आकारमानाशी गुणोत्तर,Vv/V,12
4,water content,w,पाण्याच्या वजनाचे कोरड्या घन कणांच्या वजनाशी गुणोत्तर; टक्क्यांत,Ww/Ws,13
```

पहिला रकाना क्रमांकाचा आहे, आणि तो वर्णानुक्रमाचा नसून प्रकरणात संज्ञा ज्या क्रमाने येतात त्या क्रमाचा आहे. त्यामुळे शोधण्यासाठी तक्ता वर्णानुक्रमे लावला तरी अभ्यासासाठी तो पुन्हा मूळ क्रमात आणता येतो. व्याख्येत स्वल्पविराम टाळावा, कारण या प्रकारच्या फाइलीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा रकाना. फाइल `UTF-8` मध्ये साठवावी आणि लिब्रऑफिस कॅल्कमध्ये उघडताना तोच पर्याय निवडावा आणि विभाजक म्हणून फक्त स्वल्पविराम ठेवावा. एक्सेलमध्ये ती थेट दोनदा टिचकी मारून उघडली तर देवनागरीच्या जागी कधी कधी विचित्र चिन्हे दिसतात. तसे दिसले तर फाइल न साठवता बंद करावी आणि ‘इम्पोर्ट’ करून उघडावी.

तपासणी: एक नमुना, सर्व व्याख्या

माझ्या पहिल्या सूचीत मी वॉटर कंटेंटची व्याख्या ‘पाण्याच्या वजनाचे मातीच्या वजनाशी गुणोत्तर’ अशी लिहिली होती. वाक्यात खोटे काही नव्हते. ‘मातीचे वजन’ म्हणजे ओल्या मातीचे की कोरड्या, एवढेच त्यात नव्हते. एका मित्राने ती सूची वापरून ओल्या वजनाने भागले आणि उत्तर का जुळत नाही हे शोधण्यात आमची एक संध्याकाळ गेली. तेव्हापासून सूची पूर्ण झाल्यावर मी एका नमुन्याचे आकडे घेऊन प्रत्येक व्याख्या शब्दशः वापरतो, पुस्तकातील सूत्राकडे न पाहता.

समजा नमुन्याचे आकारमान १०० घन सेंटिमीटर आहे, ओले वजन १८९ ग्रॅम आहे, भट्टीत १०५ ते ११० अंश सेल्सिअसला वाळवल्यावरचे वजन १६२ ग्रॅम आहे आणि घन कणांची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.७० आहे. घन कणांचे आकारमान १६२ भागिले २.७०, म्हणजे ६० घन सेंटिमीटर. पोकळ्या ४० घन सेंटिमीटर. पाणी २७ ग्रॅम, म्हणजे २७ घन सेंटिमीटर. आता व्याख्यांप्रमाणे व्हॉइड रेशो ४० भागिले ६०, म्हणजे ०.६६७ येतो आणि पोरॉसिटी ४० भागिले १००, म्हणजे ०.४० येते. वॉटर कंटेंट २७ भागिले १६२, म्हणजे १६.७ टक्के. पोकळ्यांपैकी पाण्याने भरलेला भाग, म्हणजे डिग्री ऑफ सॅच्युरेशन, २७ भागिले ४०, म्हणजे ६७.५ टक्के.

यांपैकी पोरॉसिटी सोडून उरलेली तीन उत्तरे एकमेकांना तपासतात. मृदा यांत्रिकीत यांना बांधणारा संबंध असा आहे, आणि त्यात S म्हणजे डिग्री ऑफ सॅच्युरेशन व G म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी:

```
S × e = w × G
0.675 × 0.667 = 0.45
0.167 × 2.70  = 0.45
```

दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे या तिन्ही व्याख्यांतील अंश आणि छेद योग्य आहेत. माझ्या जुन्या व्याख्येने वॉटर कंटेंट २७ भागिले १८९, म्हणजे १४.३ टक्के आला असता आणि उजवी बाजू ०.३९ वर अडकली असती. व्हॉइड रेशोच्या जागी चुकून पोरॉसिटीची व्याख्या पडली असती तर डावी बाजू ०.२७ आली असती. कोणती बाजू बिघडली यावरून कोणती व्याख्या दुरुस्त करायची हेही कळते.

ही चूक परीक्षेच्या गुणांपुरती नाही. रस्त्याच्या भरावात ड्राय डेन्सिटी काढताना ओल्या डेन्सिटीला १ आणि वॉटर कंटेंट यांच्या बेरजेने भागतात. वरच्या नमुन्यात योग्य व्याख्येने १.६२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येतात, तर चुकीच्या व्याख्येने १.६५. प्रयोगशाळेतील कमाल ड्राय डेन्सिटी १.७२ असेल आणि तिच्या ९५ टक्के, म्हणजे १.६३ दाबाई मागितली असेल, तर जो थर नापास व्हायला हवा तो चुकीच्या व्याख्येने पास होतो. सूचीतला ‘कोरड्या’ हा एक शब्द एवढे काम करतो.

आकड्यांशिवाय करण्याजोगी आणखी एक तपासणी आहे, आणि ती मला फार आवडते: प्रत्येक गुणोत्तर जास्तीत जास्त किती असू शकते हे विचारावे. पोरॉसिटी आणि डिग्री ऑफ सॅच्युरेशन १०० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाहीत, कारण दोन्हींत भाग समग्राशी तोलला आहे. व्हॉइड रेशो एकाहून अधिक आणि वॉटर कंटेंट १०० टक्क्यांहून अधिक असू शकतो, आणि वनस्पतीजन्य पीट मातीत तो तसा असतोही, कारण तेथे तुलना उरलेल्या भागाशी आहे. आपली व्याख्या वाचून हे उत्तर मिळत नसेल तर ती अजून अपुरी आहे.

शेवटी चिन्हांचा रकाना स्वतंत्रपणे छायाचित्रांशी ताडून पाहावा. जुन्या आणि नव्या पुस्तकांत चिन्हे बदलतात. पोरॉसिटीसाठी कोणी `n` लिहितो, कोणी `η`. आपल्या पुस्तकातलेच चिन्ह लिहावे आणि दुसरे माहीत असल्यास शेजारी नोंदवावे. युनिट वेट आणि डेन्सिटी यांच्याबाबत एककही लिहावे, कारण पहिले किलोन्यूटन प्रति घनमीटरमध्ये आणि दुसरे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये दिलेले असते आणि बोलताना लोक दोन्हींना सर्रास ‘घनता’ म्हणतात.

पुढच्या प्रकरणाची सूची करताना जुन्या संज्ञेची नवी नोंद करू नये. पाझराच्या प्रकरणात पाण्याचा मोजलेला वेग आणि पोकळ्यांतून जाणारा त्याचा प्रत्यक्ष वेग यांच्यामध्ये `n` पुन्हा येतो, आणि तेथे लागणारी व्याख्या तीच, पृष्ठ १२ वरची असते. त्या नोंदीच्या पृष्ठाच्या रकान्यात नवा क्रमांक अर्धविराम देऊन जोडावा.